मॉन्टू टेस्ट: लाली २४ मिमी, मग रिपोर्टवर ९ कसे?

प्रश्न: "दोन महिन्यांपूर्वी वडिलांना फुफ्फुसाचा टीबी निघाला, म्हणून घरातल्या सगळ्यांची मॉन्टू टेस्ट केली. तिसऱ्या दिवशी माझा हात चांगलाच लाल होता, मी घरी पट्टी लावून मोजलं तर २४ मिमी भरलं. पण सिस्टरनी ९ मिमी लिहिलं आणि रिपोर्टवर निगेटिव्ह छापून आलंय. बहिणीच्या हातावर लाली जवळपास नव्हतीच, तिला १३ मिमी. हे असं उलटं कसं? आणि वाचायला तीन दिवस का थांबवतात? लहानपणी बीसीजी घेतलेलं आहे."

सिस्टरनी बरोबर मोजलंय. चूक असेल तर ती त्या आकड्यापुढे छापलेल्या 'निगेटिव्ह' या शब्दात आहे, त्याकडे मी शेवटी येतो कारण तुमच्यासाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. पण आधी लाली आणि टणकपणा या दोन वेगळ्या गोष्टी का आहेत ते समजून घ्या, एकदा ते डोक्यात बसलं की बाकी सगळं आपोआप सुटतं. मी छातीच्या आजारांचा डॉक्टर आहे, गेली बावीस वर्षं हे हात रोज बघतोय, आणि लाली मोजून आलेले लोक दर आठवड्याला भेटतात, कधीकधी तर लाली मोजून लिहिलेले रिपोर्टसुद्धा.

त्या सुईत जिवंत जंतू नसतात. टीबीचा जंतू वाढवून, मारून, त्यातली प्रथिनं शुद्ध करून बनवलेलं द्रावण असतं, त्याला पीपीडी म्हणतात. त्यातलं फक्त ०.१ मिली, म्हणजे दोनेक थेंब, कोपराखाली हाताच्या आतल्या बाजूला कातडीच्या आत सोडतात. कातडीच्या खाली नाही, आत. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तुमच्या शरीरात टीबीचा जंतू आधी कधी शिरलेला असेल, तर त्याची ओळख ठेवणाऱ्या काही टी-पेशी रक्तातून, कातडीतून फिरत असतात. त्या फार थोड्या असतात. कातडीतल्या पहारेकरी पेशी ही प्रथिनं गिळतात, त्यांचे तुकडे आपल्या अंगावर मांडून दाखवतात, आणि फिरत फिरत आलेली एखादी टी-पेशी तो तुकडा ओळखते. ओळखल्यावर ती स्वतः फार काही करत नाही, ती हाक मारते. इंटरफेरॉन गॅमा, टीएनएफ असे रासायनिक निरोप सोडते. त्या निरोपांमुळे जवळच्या बारीक रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर चिकट होतं, रक्तातून जाणाऱ्या पेशी तिथे अडकतात, भिंतीतून बाहेर सरकतात आणि कातडीत जमायला लागतात. आलेल्यांतल्या बऱ्याच मॅक्रोफेज जातीच्या, बाकीच्या आणखी टी-पेशी. ही माणसं गोळा करण्यासारखी गोष्ट आहे, आधी एकाने बघायचं, मग त्याने हाक मारायची, मग बाकीच्यांनी लांबून यायचं. याला वेळ लागतोच. साधारण बारा तासांनंतर काहीतरी हाताला लागायला सुरुवात होते आणि ४८ ते ७२ तासांत ते शिगेला पोचतं.

आता याची तुलना गांधीलमाशी चावल्यावर किंवा एखाद्या औषधाने अंगावर पित्त उठतं त्याच्याशी करा. तिथे मास्ट पेशींत हिस्टामिन भरून तयारच ठेवलेलं असतं, त्यांच्या अंगावर अँटीबॉडी चिकटलेल्या असतात, पदार्थ भेटला की पंधरा-वीस मिनिटांत गांधी उठते आणि काही तासांत विरून जाते. मॉन्टूत अँटीबॉडीचा हा खेळच नाही. म्हणूनच हिला उशिराची अतिसंवेदनशीलता म्हणतात, पुस्तकात टाइप फोर. हे सिद्ध कसं झालं तेही मला फार आवडतं. १९४५ मध्ये मेरिल चेस यांनी संवेदनशील झालेल्या गिनीपिगच्या पांढऱ्या पेशी काढून दुसऱ्या, कधीही जंतू न बघितलेल्या गिनीपिगमध्ये सोडल्या आणि त्या दुसऱ्याची कातडी ट्युबरक्युलिनला, म्हणजे टीबीच्या जंतूपासून बनवलेल्या अशाच द्रावणाला, प्रतिसाद द्यायला लागली. अँटीबॉडी असतात त्या सीरमने हे होत नाही. म्हणजे ही आठवण पेशींत असते, पाण्यात विरघळलेली नसते. मला विद्यार्थी असताना हे कळलं तेव्हापासून ती तीन दिवसांची वाट कधी कटकट वाटली नाही.

तर दुसऱ्या दिवशी का वाचत नाहीत याचं उत्तर इथेच आहे. पहिल्या दिवसात दिसणारी लाली किंवा सूज ही बऱ्याचदा सुईची जखम, द्रावणाची तात्पुरती चीड, किंवा काही लोकांत अँटीबॉडीवाली लगेचची प्रतिक्रिया असते आणि ती दुसऱ्या दिवसापर्यंत ओसरते. २४ तासांनी वाचलं तर हा कचरा मोजला जातो आणि खरी गोष्ट अजून पूर्ण उगवलेलीच नसते.

आता लाली आणि टणकपणा. निरोप सुटल्यावर रक्तवाहिन्या रुंद होतात, जास्त रक्त येतं, कातडी लाल दिसते. ही लाली म्हणजे फक्त वाहिन्यांच्या आतलं रक्त. हे तुम्ही स्वतः करून बघू शकता, लाल भागावर बोट दाबून उचला, क्षणभर पांढरं पडेल आणि परत लाल होईल, कारण दाबल्यावर रक्त बाजूला सरकतं. टणकपणा मात्र दाबून सरकत नाही. तिथे वाहिन्यांच्या बाहेर खरोखर माल साचलेला असतो, एक तर जमलेल्या पेशी, आणि दुसरं म्हणजे फायब्रिन. वाहिन्या गळक्या झाल्या की रक्तातलं फायब्रिनोजेन बाहेर पाझरतं आणि कातडीच्या आत गोठून त्याचं जाळं बनतं, जखमेवर खपली धरताना बनतं तसंच. हे जाळं पाणी आणि पेशी धरून ठेवतं, म्हणून हाताला कडक लागतं. काही लोकांच्या रक्तात जन्मापासून फायब्रिनोजेन नसतं, त्यांच्या कातडीत पेशी जमतात पण कडकपणा येत नाही. यावरून हा कडकपणा कुठून येतो ते स्पष्ट दिसतं.

म्हणून मोजायचा तो कडकपणा. लालीचा विस्तार वाहिन्या किती पसरल्या यावर ठरतो, आणि त्या खाजवल्याने, उन्हाने, घट्ट बाहीच्या घासण्याने, सुईच्या जागेवर काही चोळल्यानेही पसरतात. शिवाय सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही, तुमच्या बहिणीचं बहुतेक तेच झालंय, किंवा तिच्यात खरंच लाली कमी आणि पेशींचा जमाव जास्त आहे, दोन्ही होतं. तिचे १३ खरे आणि तुमचे ९ पण खरे, तुमचे २४ हे दुसऱ्याच गोष्टीचं माप आहे.

आता वाचायचं कसं ते नीट सांगतो, कारण इथेच सगळ्यात जास्त गडबड होते. हात टेबलावर टेकवून, कोपर थोडं वाकवून, सैल ठेवायचा. उजेड बाजूने यावा, वरून नको, बाजूच्या उजेडात उंचवट्याची सावली दिसते. मग डोळे जवळजवळ विसरायचे आणि बोटांच्या टोकांनी चाचपायचं, बाहेरच्या चांगल्या कातडीवरून सुरू करून आतल्या बाजूला, चारही दिशांनी, अगदी हलक्या हाताने. जिथे बोटाला पायरी लागते तिथे कडा. डाव्या आणि उजव्या कडेला पेनाने एकेक ठिपका काढायचा आणि मिलिमीटरची पट्टी हाताच्या लांबीला आडवी ठेवून दोन ठिपक्यांतलं अंतर घ्यायचं. आडवी म्हणजे मनगटाकडून कोपराकडे नाही, हाताच्या रुंदीत. ही दिशा सगळ्यांनी एकच पाळायची असं ठरलेलं आहे, नाहीतर दोन ठिकाणचे आकडे एकमेकांशी ताडून बघताच येणार नाहीत. कडा पट्टीच्या दोन रेघांच्या मध्ये पडली तर छोटा आकडा लिहायचा. काहीच लागलं नाही तर ० मिमी लिहायचं, नुसतं निगेटिव्ह नाही.

बोटांवर भरवसा बसत नसेल तर बॉलपेनची पद्धत छान आहे, नव्या मुलांना मी आधी तीच शिकवतो. जागेपासून दोनेक सेंटिमीटर लांबून पेन कातडीवर टेकवायचं आणि रेघ ओढत हळूहळू मध्याकडे आणायचं, कडक भागाची कडा आली की पेन अडतं, तिथे उचलायचं. मग समोरच्या बाजूने तसंच. दोन रेघांच्या टोकांमधलं अंतर म्हणजे आकडा. यात एकच चूक होते, पेन जास्त दाबलं की कातडीची घडी पुढे सरकत जाते आणि पेन कडेच्या आधीच अडतं, आकडा फुगतो. दुसरी एक फसगत सडपातळ, कसरत करणाऱ्या लोकांत होते, कोपराखालच्या स्नायूची कडा बोटाला लागते आणि तीच गाठ वाटते. मग मी त्यांना हात काटकोनात वाकवायला सांगतो आणि परत चाचपतो, स्नायूची कडा जागा बदलते, खरी गाठ बदलत नाही.

एवढं करूनसुद्धा दोन अनुभवी माणसांच्या आकड्यात दोन-तीन मिमीचा फरक राहतोच, आणि तो मान्य करायचा असतो. मान्य नसलेली गोष्ट म्हणजे आकडा गोल करणं. मी एकदा एका ठिकाणच्या रजिस्टरची जुनी पानं बघत होतो, पानच्या पान ५, १०, १५, मध्ये ७ नाही, ९ नाही, ११ नाही. कातडी अशी पाच-पाचच्या पायऱ्यांनी फुगत नाही, माणसाचा हात तिकडे ओढला जातो, विशेषतः १० ला, कारण सगळ्यांना माहीत असतं की तिथे काहीतरी ठरतं. तुमच्या सिस्टरनी ९ लिहिलंय याचा मला म्हणूनच आनंद झाला. दहाच्या उंबऱ्यावर उभं राहून ९ लिहिणारा माणूस खरंच मोजतोय.

टोचताना काय चुकतं तेही सांगून ठेवतो कारण तुमच्या घरातल्या बाकीच्यांना ० आला असेल तर ते विचारायला हवं. सुईचं तोंड वर ठेवून, कातडीला जवळजवळ समांतर धरून द्रावण सोडलं की लगेच ६ ते १० मिमीची पांढरट फुगी दिसायला हवी, वर संत्र्याच्या सालीसारखे खळगे असलेली. ती थोड्या वेळात जिरते, ते ठीक आहे. पण फुगी आलीच नाही तर द्रावण खालच्या चरबीत गेलं, तिथून ते पांगतं, पेशींना एका जागी जमायला कारण राहत नाही आणि खोटा ० येतो. असं झालं की तेव्हाच, पाचेक सेंटिमीटर लांब किंवा दुसऱ्या हातावर परत टोचायचं असतं, त्याला थांबायचं कारण नाही. आणि द्रावण सिरिंजमध्ये सकाळी भरून दुपारपर्यंत ठेवलं तर प्रथिनं सिरिंजच्या भिंतीला चिकटतात, हातात जाणारा डोस कमी होतो. भरलं की टोचायचं.

आता तुमचा ९. मॉन्टूत एकच रेघ सगळ्यांना लागू नसते आणि हे लोकांना समजावणं मला सगळ्यात अवघड जातं. आकडा तोच असतो, पण कोणाच्या हातावर आहे त्यावर त्याचा अर्थ बदलतो. अमेरिकेच्या सीडीसीच्या पद्धतीत ज्याला काहीच धोका नाही त्याला १५ मिमीपासून पॉझिटिव्ह धरतात, मधल्या धोक्याच्या गटांना १० पासून, आणि एचआयव्ही असलेले, अवयव बदललेले, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे आणि टीबी झालेल्या माणसाच्या अलीकडेच जवळ राहिलेले, यांना ५ पासून. काही ठिकाणी प्रतिकारशक्ती चांगली असेल तर सरसकट १० ची रेघ वापरतात, तुमच्या रिपोर्टच्या छापील नमुन्यात तीच असणार, म्हणून ९ पुढे आपोआप निगेटिव्ह आलं. वाचणाऱ्याचं काम आकडा देण्यापुरतं. पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते तुमची हकीगत माहीत असलेल्याने ठरवायचं. घरात फुफ्फुसाचा टीबी असलेला माणूस, त्याच्याबरोबर रोजचा श्वास, आणि ९ मिमीची खरी गाठ, मी तरी याला निगेटिव्ह म्हणणार नाही.

बीसीजीमुळे आलं असेल का? बीसीजीतला जंतू टीबीच्या जंतूचा नातलग आहे आणि पीपीडीतली बरीच प्रथिनं दोघांत सारखी, त्यामुळे लस घेतल्यावर मॉन्टू उठते हे खरंच आहे. पण जन्मल्यावर लगेच घेतलेल्या लसीची ही खूण वर्षागणिक पुसट होत जाते, दहा वर्षांनंतर त्यातल्या फार थोड्यांत उरते. मोठ्या वयात घेतली असेल किंवा परत परत घेतली असेल तर ती जास्त टिकते. तुमच्यासारख्या मोठ्या माणसात, तेही घरात रुग्ण असताना, गाठ बीसीजीच्या नावावर टाकून मोकळं होणं धोक्याचं आहे. शंका मिटवायची असेल तर इग्रा नावाची रक्ताची तपासणी आहे, तिच्यात बीसीजीत नसलेली प्रथिनं वापरतात, त्यामुळे लसीचा गोंधळ होत नाही.

आणि हे पण स्वच्छ सांगतो, ९ असो की १३, याचा अर्थ तुम्हाला टीबीचा आजार झालाय असा नाही. मॉन्टू फक्त एवढंच सांगते की तुमच्या टी-पेशी या जंतूला ओळखतात. जंतू आत झोपलेला आहे की जागा होऊन फुफ्फुस पोखरतोय, हे गाठीच्या आकारावरून कळत नाही. उलट खूप पसरलेल्या टीबीत, फार अशक्त माणसात गाठ येतच नाही, हाक मारणाऱ्या पेशीच थकलेल्या असतात. माझ्याकडे एक तरुण असाच आला होता, ताप, वजन उतरलेलं, हातात ० मिमीचा रिपोर्ट, आणि त्या शून्यावर विसंबून त्याचे तीन आठवडे वाया गेले होते. थुंकीत जंतू भरलेले होते. उपचार सुरू झाल्यावर काही महिन्यांनी त्याची मॉन्टू परत केली तेव्हा १६ मिमी आली, टी-पेशी परत शुद्धीवर आल्या होत्या.

घरात कोणाला ० आला असेल तर अजून एक गोष्ट. जंतू आत शिरल्यापासून टी-पेशी तयार व्हायला साधारण दोन ते आठ आठवडे लागतात, त्या काळात केलेली टेस्ट कोरी येऊ शकते. म्हणून वडिलांबरोबरचा धोक्याचा संपर्क संपल्यावर आठ ते दहा आठवड्यांनी शून्यवाल्यांची टेस्ट परत करायची. तुमची आणि बहिणीची मात्र आता परत करू नका, 'खात्री करून घेऊ' म्हणून लोक पुढच्या आठवड्यात दुसऱ्या लॅबमध्ये जातात. पीपीडी स्वतः टीबीची ओळख नव्याने पैदा करत नाही, पण जुनी झोपलेली ओळख ढोसून जागी करते, त्यामुळे दुसऱ्यांदा गाठ मोठी येऊ शकते. आज ९ आणि दोन आठवड्यांनी १५ आलं तर ते नवीन काही झालंय म्हणून की फक्त पहिल्या सुईने जागं केलं म्हणून, हे मग कोणालाच सांगता येत नाही.

तुम्ही आणि बहीण, दोघांनी छातीचा एक्स-रे काढा, आणि खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं यांतलं काही असेल तर तेही सांगा, असेल तर थुंकी तपासायची. यात काही निघालं नाही तर आजार होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांबद्दल छातीच्या डॉक्टरांशी बोला. घरातल्या जवळच्यांना या गोळ्या द्यायच्या की नाही हा प्रश्न ९ की १० यावर अडत नाही, आजार नाही याची खात्री झाली की मॉन्टू न करताही देता येतात. जाताना स्वतःच्या रिपोर्टबरोबर वडिलांच्या थुंकीचा रिपोर्ट नक्की न्या, औषधांची तपासणी केली असेल तर त्यात कोणत्या औषधाला जंतू दाद देत नाही ते लिहिलेलं असतं, आणि वडिलांचा जंतू आयसोनियाझिडला दाद देत नसेल तर तुम्हाला द्यायची गोळी त्यावरून बदलते.